टेप लावलेलं बटण

माझ्या दुकानातून गेलेला प्रत्येक सेट-टॉप बॉक्स बसवून झाला की मी त्याच्या भिंतीवरच्या बटणावर काळी टेप चिकटवत असे. बटण चालू करायचं, त्यावर टेपचा आडवा तुकडा अंगठ्यानं दाबायचा आणि घरच्यांना बजावायचं, की याला हात लावायचा नाही, टीव्ही बंद करायचा तो रिमोटनं. नंदुरबारात आणि आसपासच्या खेड्यांत अशी किती बटणं मी झाकली, ते आता सांगता येणार नाही. माझ्या स्वतःच्या घरातलंही एक झाकलं होतं. त्याच्यासमोर माझी आई झोपायची.

टेपमागचं कारण काही फार मोठं नव्हतं. माझं दुकान डिशच्या रिचार्जचं, मोबाइलच्या चार्जरचं आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं. लोक रिचार्ज मारून घरी जायचे आणि अर्ध्या तासात फोन यायचा, "शेठ, चॅनल लागत नाही." लागणार कसं? बॉक्स बटणातून बंद. वरून आलेला सिग्नल घ्यायला तो जागा तर हवा. बटण चालू करा म्हटलं की बॉक्स चालू व्हायला पाच मिनिटं घ्यायचा आणि तेवढ्यात दुसरा फोन. मी आधीच तापट. दिवसाला असे दहा फोन आले की माझं डोकं सणकायचं. त्यावर मी शोधलेला उपाय म्हणजे ती टेप. टेप लावल्यापासून फोन कमी झाले आणि मी स्वतःला फार हुशार समजू लागलो.

रिमोटनं बंद केलेला बॉक्स बंद होत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हिरवा दिवा जाऊन लाल होतो, इतकंच. चित्र थांबतं, आतलं काम चालूच राहतं. पाठीवर हात ठेवला तर चटका नाही, पण ऊब लागते. गिऱ्हाईक विचारायचं, "लाइट खातो का हो हा?" मी हसून म्हणायचो, "चिमणीएवढं."

हाच शब्द मी आईलाही वापरला होता, घरच्या अहिराणीत; तिच्यात 'खातो'ला 'खास' म्हणतात.

माझ्या आईनं आयुष्याची पंचवीसेक वर्षं मिरचीच्या पथारीवर काढली. पथारी म्हणजे गावाबाहेरचं उघडं रान, जिथे ओली मिरची वाळायला पसरतात. नजर पोचेल तिथवर लाल. बायका रांगेत बसून देठ खुडतात, नाकाला पदर बांधतात, तरी दिवसभर खोकत असतात. आम्ही पोरं तिच्या पदराला झोंबलो की आमचेही डोळे चुरचुरायचे. त्या मजुरीवर तिनं आम्हाला वाढवलं. घरात एकच बल्ब होता आणि तो बंद करायला ती कधी विसरली नाही. खोलीतून बाहेर पडताना तिचा हात आपोआप बटणावर जायचा. पुढे माझं दुकान झालं, पक्कं घर झालं, खोलीखोलीत पंखे आले, तरी तिचा हात तसाच राहिला. ती घरभर फिरून बटणं बंद करायची आणि मी मागून चालू करायचो.

टीव्हीच्या फळीवर मात्र तिचं माझ्याशी खरं भांडण होतं. बोर्डावरच्या एका बटणावर तिथे सगळंच होतं: मोठा टीव्ही, बॉक्स आणि एका दिवाळीला हौसेनं आणलेलं होम थिएटर. तिन्हींचे मिळून तीन लाल ठिपके. आई ते बटण रोज बंद करायची. मग सिरियलच्या वेळी बॉक्स चालू व्हायला वेळ लागायचा, माझी बायको कुरकुरायची आणि मी चिडायचो. एके दिवशी मी दुकानातून टेपचं बंडल आणलं आणि गिऱ्हाइकाच्या घरी लावतो तशी टेप आईच्या देखत लावून टाकली.

"बापू, टीव्ही बंद शे ना?" ती म्हणाली. "मंग ती लाल बत्ती कसाले जळी ऱ्हायनी?"

"जळू दे ना माय. कितलंक खास ती? चिमणीइतलं खास."

तिनं ते तिन्ही ठिपके मोजले. मग म्हणाली, "चिमणी रातले खात नही. हाई रातले बी खास."

मला हसू आलं. तिचं हे वाक्य मी दुकानात चार जणांना रंगवून सांगितलं आणि तेही हसले.

पुढच्या दोन वर्षांत तिची छाती गेली. आधी जिना चढताना दम लागायचा, मग सपाटीवर, मग बोलताना. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला आणि कामधंदा काय होता ते विचारलं. मी मिरची म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. गुडघ्याएवढं, चाकांवरचं, दिवसरात्र घरघरणारं. हवेतूनच ऑक्सिजन गाळून घेतं, म्हणून सिलेंडरसारखं संपत नाही, पण त्याला अखंड वीज लागते. त्याच्या पाठीवर साडेतीनशे वॅट लिहिलेलं होतं. त्याची पारदर्शक नळी आईच्या नाकाशी. आईची खाट हॉलमध्ये आणली, कारण तिथे हवा खेळती होती आणि माणसांची जाग असायची.

नळी न्हाणीपर्यंत पोचायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. टीव्हीच्या फळीपर्यंत पोचायची नाही, दोन हात कमी पडायची. आई पहिल्या आठवड्यातच नळी ताणून तिथवर जाऊन बघून आली होती. बटणापासून दोन हातांवर उभी राहून ती दम खात होती, तेव्हा मी दुकानातून जेवायला आलो होतो.

"नळी पुरत नही," ती म्हणाली.

"मंग कसाले जास तठे?" मी तिच्यावरच खेकसलो. तिला धरून खाटेवर आणून बसवलं. त्या दिवशी ते बटण मी बंद करू शकलो असतो. ते माझ्यापासून एका हातावर होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर, होळी झाल्यावर, नवापूरकडच्या डोंगरातला एक शेतकरी दुकानात आला. दोन वर्षांपूर्वी मीच त्याच्याकडे डिश बसवली होती. दिवाळीनंतर घरदार कुलूपबंद करून ते सगळे गुजरातेत ऊसतोडीला जायचे आणि होळीला परत यायचे. त्यानं खिशातून घडी घातलेलं विजेचं बिल काढून माझ्यापुढे ठेवलं. घरी ते तिथल्या आदिवासींची कोकणी बोलतात, माझ्याशी तो शाळेतल्यासारखं मराठी बोलायचा, एकेक शब्द जपून.

"शेठ, घर तर बंद होतं. आम्ही सगळे तिकडे. चार महिने दारात कोणी पाय ठेवला नाही. मग हे युनिट कोणी जाळले?"

शेजाऱ्यानं आपल्या मीटरपुढच्या वायरवर आकडा टाकला असेल, असा त्याला संशय होता. भाऊबंदकीतला शेजारी होता आणि प्रकरण हातघाईवर यायच्या बेतात होतं. मी विचारलं, "निघताना बॉक्सचं बटण बंद केलं होतं?" तो म्हणाला, "नाही. तुम्ही टेप लावली ना."

दुकानात एक लहानसं मीटर होतं, सॉकेटमध्ये घालून त्यात वस्तूची पिन घालायची की ती किती वॅट ओढते ते दिसतं. त्याच्याकडे होता तसाच एक बॉक्स मी मीटरला लावला, रिमोटनं बंद केला आणि त्याला आकडा दाखवला. दहा वॅट. चालू केला तर बारा. बंद आणि चालू यात दोन वॅटचा फरक. मग कागदावर मांडून दाखवलं: दहा वॅट, चोवीस तास, एकशेवीस दिवस, म्हणजे एकोणतीस युनिट. बिलावरचा आकडा तेवढाच होता, एखादं युनिट इकडेतिकडे.

"बघा, शेजारी सुटला," मी म्हणालो. "दोन-सव्वादोनशे रुपयांसाठी डोकी फुटली असती. वर स्थिर आकार आहे, तो घर बंद असलं तरी लागतोच."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्यानं बिलाची घडी होती तशी घातली.

"पैशाचं नाही शेठ," तो म्हणाला. "रिकाम्या घरात चार महिने कोणीतरी जागं होतं, ते बरं वाटत नाही."

घरी जाऊन टेप काढून टाका म्हणालो आणि तो गेला. पण त्याचं बोलणं माझ्या मनात रुतून बसलं होतं. रात्री मी ते मीटर घरी नेलं.

जेवण झाल्यावर मी घरातल्या एकेका वस्तूची पिन त्यात घालत गेलो. आई खाटेवरून बघत होती. हॉलमधला बॉक्स, रिमोटनं बंद: अकरा वॅट. आतल्या खोलीतला जुना बॉक्स: नऊ. होम थिएटर, जे आम्ही सणासुदीलाच लावायचो: तेही नऊ. दोन टीव्ही मिळून दोन. टीव्ही बिचारे फार खात नाहीत, बदनाम मात्र तेच होतात. मोबाइल न लावता नुसते बोर्डात राहिलेले चार्जर तर एकेकटे मीटरवर दिसेनात. पाचही एका पट्टीवर लावले तेव्हा कुठे एक वॅट आला. सगळं मिळून बत्तीस.

आईनं विचारलं, "कितला व्हयना?"

मी तिला हिशोब मोठ्यानं वाचून दाखवला. चार तास आपण टीव्ही बघतो ते सोडून देऊ. उरलेले वीस तास गुणिले बत्तीस. दिवसाला पाऊण युनिटच्या आत. वर्षाला दोनशे तेहेतीस युनिट. आमच्या बिलात सगळे आकार धरून एक युनिट आठ रुपयांच्या आसपास पडायचं. म्हणजे वर्षाचे अठराशे सत्तर रुपये.

"अठराशे सत्तर!" आईचा श्वास लागला. पथारीवरच्या मजुरीत तो आकडा कुठे बसतो, ते ती मोजत असावी.

"वर्षाचे, माय. दिवसाला पाच रुपये. च्या येत नही तितलामा." मी कागद चुरगाळला. "आन् तुन्हं मशीन दिनले साठ-सत्तर रुपया खास. त्यानं काय?"

हे मी का बोललो? मला तिला उगाच टोचायचं नव्हतं. बत्तीस वॅट साडेतीनशेपुढे काहीच नाहीत, एवढंच दाखवायचं होतं. पण ती नाकातली नळी दोन बोटांनी सारखी करत बसली. नंतर कितीतरी दिवस तिनं लाल बत्तीचं नाव काढलं नाही. आपल्यामुळे बिल वाढतं, हे तिला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. ते मीच तिला सांगितलं.

तिच्यासाठी मी इन्व्हर्टर बसवला तेव्हा मात्र काही कमी केलं नाही. दुकानातली सगळ्यात चांगली बॅटरी घेतली. आधी दुकानातच ती भरून, तिच्यावर एकटं ऑक्सिजनचं मशीन लावून घड्याळ घेऊन बसलो. तीन तास पाच मिनिटं चाललं. ते मी बॅटरीच्या अंगावर खडूनं लिहून ठेवलं. मग घरी आणून जोडली. जोडताना दोन रस्ते होते: नुसत्या मशीनसाठी वेगळी वायर ओढायची, किंवा घराचे बोर्ड जसे आहेत तसे इन्व्हर्टरवर घ्यायचे. वेगळ्या वायरीसाठी नवीन रंगवलेल्या भिंती फोडाव्या लागल्या असत्या. शिवाय लाइट गेली की टीव्ही चालू राहावा, अशी घरात सगळ्यांचीच इच्छा होती. मी बोर्ड जसेच्या तसे घेतले. गिऱ्हाइकाच्या आईचं मशीन असतं तर मी असं करू दिलं नसतं, असं आता वाटतं. पण तेही खात्रीनं सांगता येत नाही.

मे महिन्यातल्या एका दिवशी जेवणाच्या वेळी वारा सुटला. आधी लांबून धुळीची भिंत आली, मग पत्रे वाजायला लागले. मी दुकानाचं शटर ओढून घरी पळालो. बायकोनं खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि हॉलमध्ये भरदुपारी संध्याकाळ झाली होती. एक वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. इन्व्हर्टरनं टक् करून भार उचलला आणि मशीनची घरघर चालू राहिली.

ओळखीच्या वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, खांब आडवे झालेत, तारा रस्त्यावर आहेत, संध्याकाळ तरी होईल. आदल्या दिवशी लाइट गेली तेव्हा अडीअडचणीला ठेवलेला आमचा लहान सिलेंडर वापरून संपला होता आणि सकाळीच मी तो भरायला दिला होता. रात्रभरात बॅटरी पूर्ण भरली होती, त्यामुळे मला घाई वाटली नव्हती. सिलेंडर देणारे चाचा गावाबाहेर राहायचे, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची ओळख. त्यांना फोन केला.

"रस्तामा निंबनं झाड पडेल शे," ते म्हणाले. "फिरीसन येवाले लागी. सव्वाचारलोंग पोची जासू बेटा, नक्की."

सव्वाचार. मी बॅटरीवरचा खडू बघितला. एक दहाला तीन तास पाच मिनिटं मिळवली की बरोबर सव्वाचार. दवाखान्याची गाडीही मागवली, पण त्याच झाडापलीकडे ती अडकलेली होती. आईला उचलून न्यायचं तर वाटेत ऑक्सिजन नाही. तेव्हा इथेच थांबणं शहाणपणाचं होतं. मी मोठ्यानं ओरडलो, "सगळं बंद करा. मशीन सोडून सगळं."

बायकोनं पंखा बंद केला, सगळे दिवे बंद केले. आतल्या खोलीत जाऊन आली. "सगळं बंद करी दिधं," ती म्हणाली. टीव्ही तर आधीच बंद होता. रिमोटनं.

मग आम्ही बसलो. उकाडा मी म्हणत होता. बायको हातपंख्यानं आईला वारा घालत होती. मी आईच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरकडे बघत होतो: ब्याण्णव, एक्क्याण्णव, ब्याण्णव. आई शांत होती. दोन वाजता तिनं पाणी मागितलं. तीन वाजता विचारलं, "दुकान उघडं टाकी ऊना का?" मी नाही म्हटलं. बाहेरचा वारा पडला होता, पण खिडक्या उघडायचं कोणाला सुचलं नाही. घरात अंधारच होता.

पावणेचारला इन्व्हर्टर ओरडायला लागला. बॅटरी संपत आल्याची ती टीं टीं मी शेकडो घरांत ऐकली आहे, पण एवढ्या लवकर ती व्हायला नको होती. मी खडू पुन्हा वाचला. घड्याळ पुन्हा बघितलं. कुठेतरी भार आहे, हे डोक्यात यायला मला किती वेळ लागला असेल! मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज बघितला, तो इन्व्हर्टरवर नव्हताच. न्हाणीतला दिवा बघितला. आतल्या खोलीत गेलो, परत आलो. बॅटरीची टोकं हात लावून बघितली, तार सैल आहे का ते बघितलं. माझी पाठ त्या फळीकडे होती. ते ठिपके मी इतकी वर्षं बघत आलो होतो, की मला ते दिसतच नव्हते.

आईला दिसत होते. तिचा हात वर झाला आणि तिनं माझ्यामागे बोट केलं. मला वाटलं, तिला काही हवंय. मी वळलो. त्या अंधाऱ्या हॉलमध्ये तीन लाल ठिपके जळत होते.

मी फळीकडे धावलो. टेप नखानं निघेना, उन्हानं तिचा गोंद बटणाला चिकटून घट्ट झाला होता. मी दातओठ खाऊन ती खरवडत होतो आणि तेवढ्यात तिन्ही ठिपके विझले. क्षणभर वाटलं, माझ्या हातून बटण पडलं. पण बटण तसंच होतं, टेपखाली, चालू. मागे मशीनची घरघर थांबली होती आणि त्याचा हिरवा दिवाही गेला होता. सगळे एकाच वेळी विझले.

चार वाजले होते.

पुढच्या तेरा मिनिटांचं मला सगळं आठवतं आणि त्यातलं फार थोडं लिहवतं. मशीनचा भोंगा आधी सलग वाजला, मग क्षीण झाला. बोटावरचा आकडा आधी हळू उतरला, मग पायऱ्या सोडून उतरायला लागला. सत्त्याऐंशी, ऐंशी, बहात्तर. बायको रडत वारा घालत होती. आई मात्र रडत नव्हती, ओरडत नव्हती, तिला त्यासाठी हवाच नव्हती. तिनं माझं मनगट धरलं होतं आणि तोंड उघडून ती हवा शोधत होती. ओठ निळसर झाले. मी "आलेच चाचा, आलेच" म्हणत राहिलो. मी इतका घाबरलो होतो, की तिला मांडीवर घ्यावं हेही मला सुचलं नाही. मी उभाच होतो.

चार तेराला चाचा दारात आले. झाडापासून पुढचं अंतर त्या म्हाताऱ्या माणसानं सिलेंडर खांद्यावर टाकून पायी तोडलं होतं. सांगितलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी. त्यांनी एक शब्द न बोलता नळी जोडली आणि चावी फिरवली.

आई वाचली. नऊ दिवस दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, छाती आधीच इतकी खराब आहे, की त्या तेरा मिनिटांनी नेमकं किती नुकसान केलं हे वेगळं काढता येत नाही. ते मला धीर देत होते, हे मला कळत होतं. तिचं बोलणं आता दोन-तीन शब्दांचं झालं होतं आणि न्हाणीपर्यंतही ती चालू शकत नव्हती.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी हिशोब केला. करू नये असं वाटत होतं, पण माझा हात थांबेना. मशीनचे साडेतीनशे, माझ्या घरातल्या बंद वस्तूंचे बत्तीस. त्या बॅटरीतून तीनशे ब्याऐंशी वॅट ओढले गेले, म्हणून ती दोन तास पन्नास मिनिटं चालली. नुसतं मशीन असतं तर तीन तास पाच मिनिटं, खडूनं लिहिलं होतं तेवढी. सव्वाचारपर्यंत. चाचा चार तेराला आले. सिलेंडर लागला असता तेव्हा मशीन अजून चालू असतं. आईचा एकही श्वास हुकला नसता.

वर्षाचे अठराशे सत्तर रुपये म्हणून मी तो कागद चुरगाळला होता. रुपयांचा हिशोब बरोबरच होता. मिनिटांत मी तो कधी मांडलाच नव्हता.

ती घरी यायच्या आदल्या दिवशी मी भिंत फोडून मशीनसाठी वेगळी वायर ओढली. दुसरा सिलेंडर विकत घेतला. होम थिएटर काढून दिलं. टेप ब्लेडनं खरवडली, तरी बटणावर गोंदाचा चिकट पट्टा राहिला, तो अजून आहे. दुकानात टेपचं बंडल ठेवणं बंद केलं. आता गिऱ्हाइकाला सांगतो, रिचार्ज मारला की अर्धा तास बॉक्स चालू ठेवा, मग खुशाल भिंतीवरून बंद करा, काही बिघडत नाही. फोन पुन्हा वाढलेत. येऊ देत. नवापूरकडच्या त्या शेतकऱ्याच्या घरीही मी स्वतः जाऊन बघून आलो. त्यानं टेप केव्हाच काढली होती.

आणि रोज संध्याकाळी टीव्ही बंद झाला की मी घरभर फिरतो. आईचं काम आता मी करतो. आतल्या खोलीतला बॉक्स, टक्. हॉलमधलं बटण, टक्. चार्जरची पट्टी, टक्. एकही लाल ठिपका ठेवत नाही. तिला हे बघून बरं वाटेल, तिच्या मनासारखं झालं असं वाटेल, अशी माझी समजूत होती. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम तिला दाखवत दाखवत बटणं बंद केली. माझा हात एका बटणावरून दुसऱ्यावर जाताना ती पापणी न हलवता बघत होती.

शेवटचं बटण बंद करून मी तिच्या खाटेशी आलो. नळी नीट करायला वाकलो, तर तिनं घाईघाईनं हात पुढे केला आणि मशीनच्या बटणावर तळवा झाकून धरला. बोटांच्या फटीतून हिरवा उजेड दिसत होता.

"बापू," ती म्हणाली. मग थांबून श्वास घेतला. "हाई नको. हाई बंद करू नको."

तेव्हापासून रोज तसंच चालतं. पहिली टक् ऐकू आली की तिचा हात त्या बटणावर जातो आणि मी फिरून येईपर्यंत तिथून निघत नाही.